भीतीचा भाव आणि ज्योतिषाची पारख

कामगार वस्तीतील एखादी बाई मुलीची पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाते, ही वार्ता कानी आली की पुरोगामी कार्यकर्त्याच्या ओठांवर एक ठरावीक हसू उमटते. फलज्योतिष हे शास्त्र नव्हे, हे त्याला ठाऊक असते व ते खरेही आहे. परंतु त्या हसण्याने बाईचा एक पैसाही वाचत नाही. ती जायची ती जातेच, फक्त पुढच्या वेळी कार्यकर्त्याला कळू न देता जाते. भय विकणाऱ्याला याहून सोयीची गोष्ट दुसरी कोणती?

ज्योतिषाच्या धंद्यातील खरी लूट भविष्य सांगण्याच्या दक्षिणेत नसते. दोनशे-तीनशे रुपयांच्या दक्षिणेवर कोणाचे दुमजली घर उभे राहत नाही. लूट सुरू होते ती पत्रिकेत ‘दोष’ सापडल्यानंतर, आणि तो सापडेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते. मंगळदोषाचेच पाहा. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या वा बाराव्या स्थानी असला की दोष मानतात. स्थाने बारा, त्यांपैकी दोषाची पाच. म्हणजे कसलाही विचार न करता सांगितले तरी शंभरातील बेचाळीस माणसे मंगळाची ठरतात. काही ज्योतिषी हीच मोजणी चंद्रापासून व शुक्रापासूनही करतात. तिन्ही मोजण्या लावल्या तर दहांपैकी आठ जणांच्या माथी मंगळ येतो! साडेसातीची गोष्टही निराळी नाही. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो व एकाच वेळी तीन राशींना साडेसाती असते. बारांपैकी तीन, म्हणजे कोणत्याही क्षणी समाजाचा चौथा हिस्सा साडेसातीत. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन व मेष राशीच्या कोट्यवधी लोकांना ती एकदमच आहे. त्यांत गिरणीमालकही आले आणि गिरणीच्या दारातून हाकललेला कामगारही आला.

कालसर्पाचा गाजावाजा तर सर्वांहून अधिक. राहू आणि केतू आकाशात नेहमी समोरासमोर असतात. उरलेले सात ग्रह त्या रेषेच्या एकाच बाजूस आले की कालसर्प योग म्हणायचे. गुरू, शनी, मंगळ हे संथ ग्रह व सूर्य, बुध, शुक्र एका बाजूला असले, की चंद्र त्या बाजूला असेतोवर, म्हणजे सलग तेरा-चौदा दिवस, जगात जन्मणारे प्रत्येक मूल कालसर्पाचे ठरते. ज्या वराहमिहिराचा दाखला हे लोक ऊठसूट देतात, त्याच्या बृहज्जातकात या नावाचा योगच नाही. तेथे ‘सर्प’ नावाचा योग आहे, पण त्याचा राहू-केतूंच्या या कोंडीशी संबंध नाही. जुन्या ग्रंथाच्या नावाने खपणारा हा माल पुष्कळसा नवाच आहे.

दोषांचा साठा असा अमर्याद असल्यावर प्रश्न उरतो तो गिऱ्हाइकाचा. इचलकरंजीतील एका यंत्रमाग कामगाराच्या घरी घडलेला प्रकार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. थोरल्या मुलीचे लग्न जमत नव्हते. आई पत्रिका मांडण्यास एका ज्योतिषाकडे गेली. त्याने जन्मवेळ विचारली. आईने ‘मार्गशीर्षातली दिवेलागण’ एवढेच सांगितले. ज्योतिषाने घड्याळातला कोणता तरी आकडा धरला, वृषभ लग्न मांडले, वृश्चिकेत मंगळ सातव्या स्थानी दाखवला आणि मान हलवून गप्प राहिला. ते गप्प राहणे हाच या धंद्यातील पहिला व्यवहार होय. आईने तीन वेळा विचारल्यावर त्याने सांगितले, ‘मुलीला कडक मंगळ आहे. अशीच दिलीत तर जावयाच्या जीवावर बेतेल.’ दक्षिणा तीनशे एक रुपये. त्यापाठोपाठ मंगळशांतीचे अकरा हजार, आणि त्याने नेमून दिलेल्या सराफाकडूनच घ्यावयाच्या पोवळ्याच्या अंगठीचे नऊ हजार. ‘सहा महिन्यांत लग्न जमेल, हमी माझी,’ असेही त्याने सांगितले. सहा महिने गेले. लग्न जमले नाही. तेव्हा ज्योतिषाने हमी परत केली नाही, दोष बदलला. आता पितृदोष निघाला. तीर्थक्षेत्री तीन दिवसांचा विधी, खर्च पस्तीस हजार, आणि अमावास्येच्या आत न केल्यास घरच्या कर्त्या पुरुषाला धोका. आई मंगळसूत्र गहाण टाकण्यास निघाली.

या हकिगतीत फसवणुकीची प्रत्येक खूण उघड दिसते, पण ती दिसण्यासाठी ज्योतिषाची थोडी भाषा यावी लागते. जन्मवेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात, आणि ती साधारण दर दोन तासांनी बदलते. मार्गशीर्षाच्या सुरुवातीस सूर्य वृश्चिकेत असतो, त्यामुळे तेव्हा सूर्यास्ताच्या सुमारास समोरची वृषभ रास उगवत असते. महिना पुढे सरकलेला असला तर दिवे लागेपर्यंत ती संपून मिथुन लागलेली असते. लग्न मिथुन धरले की तोच मंगळ सातव्याऐवजी सहाव्या स्थानी जातो आणि दोष नाहीसा होतो. दिवेलागणीच्या वेळेवर कडक मंगळ सांगणारा माणूस स्वतःच्याच विद्येशी बेइमानी करीत होता. दुसरे असे की, वृश्चिक ही मंगळाची स्वतःची रास. स्वराशीचा मंगळ दोषकारक नाही, असा अपवाद ज्योतिषी परंपरेत सर्रास सांगतात. तो अपवाद त्याने गिळला. दोष मोठ्याने सांगणे आणि परिहार गिळणे, हीच या मंडळींची कारागिरी.

संघटनेच्या एका कार्यकर्त्याने ही गोष्ट ऐकून चाळीत सर्वांसमक्ष ‘वहिनी, तुम्हीसुद्धा?’ असे म्हटले. वहिनी त्याच्याशी पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. महिला आघाडीच्या एका वयस्क कार्यकर्तीने मात्र घरी बसून चहा घेतला, पावती आहे का विचारले, पावती नाही हे कळल्यावरही कपाळाला हात लावला नाही, आणि एवढेच सुचविले की पस्तीस हजार देण्यापूर्वी पत्रिका आणखी एकाला दाखवू. ‘पण त्याला आधीच्या ज्योतिषाचे काही सांगायचे नाही, वहिनी. नुसती जन्माची माहिती द्यायची.’ दोघी एका निवृत्त शिक्षकांकडे गेल्या. त्यांनी बसण्यापूर्वीच सांगितले की दोनशे रुपये घेईन, त्यावर काही नाही. जन्मवेळ कोणी नोंदवली होती, दवाखान्याचा कागद आहे का, हे विचारले. कागद नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग स्थानावरून मला मंगळ सांगता येणार नाही. आणि असता तरी तो स्वराशीचा आहे. शांतीबिंतीची गरज नाही. मुलाकडचे मागतात किती, ते सांगा.’ मागणी होती दोन लाख रुपये आणि मोटारसायकल. लग्न अडले होते ते तेथे.

‘चांगला ज्योतिषी’ या शब्दाला काही अर्थ असेल तर तो एवढाच. जो फी आधी सांगतो. जन्मवेळ कच्ची असेल तर तसे कबूल करतो. मृत्यू, वैधव्य, वांझपण असले शब्द उच्चारीत नाही. खडा, यंत्र वा विधी स्वतः विकत नाही आणि कोणत्या दुकानात वा कोणत्या गुरुजींकडे जा हेही सांगत नाही. हमी देत नाही. मुदत घालत नाही. आणि आजाऱ्याला डॉक्टरकडे पाठवतो. यांतले सर्वांत निर्णायक लक्षण म्हणजे सल्ला आणि विक्री यांची फारकत. जो रोग सांगतो तोच औषधाचा दुकानदार असेल तर रोग निघणारच. त्या शिक्षकांनी दोष सांगितला असता तरी त्यांना त्यातून छदाम मिळणार नव्हता. पहिल्याला मात्र दोष नसणे परवडणारेच नव्हते.

मात्र सचोटीचा ज्योतिषी म्हणजे भविष्य जाणणारा ज्योतिषी नव्हे, ही गोष्ट कार्यकर्त्याने कोणाचीही भीड न धरता सांगितली पाहिजे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण होते शेकडा ४६. नाणे उडविले असते तर पन्नास आले असते. एका ज्योतिष संस्थेने दोनशेही पत्रिका तपासल्या व १०२ ओळखल्या. बुद्धीसारखी ठळक गोष्ट ज्या पत्रिकेत दिसत नाही, तीत न झालेल्या जावयाचे मरण कसे दिसते?

कायद्याचा आधार किती, हेही नीट माहीत असावे. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला, आणि ज्या विधेयकासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा कायदा त्याच वर्षी झाला. हा जादूटोणाविरोधी कायदा ज्योतिषाच्या नुसत्या सल्ल्याला हात लावीत नाही. ‘हे चालतेच कसे?’ म्हणून पोलीस ठाण्यावर मोर्चा नेणारा कार्यकर्ता त्यामुळे तोंडघशी पडतो. पण अलौकिक शक्तीच्या दाव्याने लुबाडणूक झाली तर या कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. यंत्रे, ताईत यांच्या चमत्काराची जाहिरात दूरचित्रवाणीवर करणेही बेकायदा आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. मंत्र, कवच वा ताईत यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध केलेली आहे. अडचण येते ती पुराव्याची. हमी तोंडी, पैसे रोख, कागद एकही नाही. म्हणून कार्यकर्त्याने वस्तीत पहिली सवय लावावयाची ती ही, की कोणत्याही विधीचे पैसे देण्यापूर्वी काय करणार, किती घेणार आणि काय होईल म्हणून सांगता, हे सहीनिशी लिहून मागावे. प्रामाणिक माणूस हमीचा भाग लिहिण्यास नकार देईल व तसे सांगेल. दुसरा चिडेल, श्रद्धेचा प्रश्न काढील, घाई करील.

इचलकरंजीच्या त्या बाईने हेच केले. पहिल्या ज्योतिषाकडे जाऊन तिने पितृदोषाच्या विधीची हमी लिहून मागितली. त्याने ‘अशी अश्रद्धा असेल तर फळ मिळणार नाही’ असे सांगून तिला वाटेला लावले. मंगळसूत्र गहाण पडले नाही. आधी गेलेले वीस हजार तीनशे एक रुपये परत आलेले नाहीत. मुलगी सध्या एका कपड्याच्या दुकानात कामाला जाते, आणि दोन लाखांची मागणी करणाऱ्या त्या स्थळाला तिने स्वतःच नकार कळविला आहे.