विश्लेषण : रिपोर्टवरचा ‘एम बँड’ म्हणजे कर्करोगच का?

अभिनेत्री आणि तत्कालीन खासदार किरण खेर यांचा डावा हात नोव्हेंबर २०२० मध्ये मोडला. त्यानंतरच्या तपासण्यांत निदान झाले मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे एका रक्ताच्या कर्करोगाचे. हाड मोडल्यावर किंवा महिनोन्महिने पाठ दुखल्यावर या आजाराचा सुगावा लागणे, हे अनेक रुग्णांच्या बाबतीत घडते. हा सुगावा देणारी एक महत्त्वाची चाचणी म्हणजे ‘सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’.

हाडे का पोखरली जातात?

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे तयार करतात. मायलोमात अशी एकच पेशी बिघडते आणि तिच्या हुबेहूब प्रती वाढत जातात. निरोगी हाडात जुना भाग काढणाऱ्या आणि नवा भरणाऱ्या पेशींचे काम समतोल चालते. मायलोमाच्या पेशी काढणाऱ्यांना चेतवतात आणि भरणाऱ्यांना रोखतात. त्यामुळे हाडात पोकळ्या पडतात, मणके दबतात. हाडातून सुटलेले कॅल्शियम रक्तात वाढते. हाडातील साधारण ३० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेमध्ये पोकळी नीट दिसत नाही, म्हणून डॉक्टर सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआय सांगतात.

रिपोर्टवरील आलेख काय सांगतो?

या चाचणीत रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या प्रवाहाने वेगळी केली जातात. ती पाच गटांत विभागली जातात : अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा आणि गॅमा. बहुतेक प्रतिपिंडे गॅमा भागात येतात. ती हजारो प्रकारची असल्याने तिथे आलेखात पसरट उंचवटा दिसतो. बिघडलेल्या पेशींचे कुटुंब मात्र एकाच साच्यातले प्रतिपिंड बनवते. ते सगळे एकाच जागी येऊन थांबते आणि सुईसारखे टोक उमटते. हाच एम बँड. क्षयरोग, यकृताचे आजार किंवा दीर्घ संसर्गातही गॅमा वाढते, पण तेव्हा उंचवटा पसरटच राहतो.

समजा, पाठदुखी आणि थकवा असलेल्या ६० वर्षांच्या व्यक्तीचे एकूण प्रथिन ९.८ ग्रॅम प्रति डेसिलिटर आले आणि अल्ब्युमिन ३.२. उरलेले ६.६ ग्रॅम म्हणजे ग्लोब्युलिन. ते साधारण साडेतीनपर्यंत असायला हवे. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये गॅमा ४.६ निघाले आणि त्यातला एम बँड ४.१. म्हणजे बाकी साऱ्या प्रतिपिंडांसाठी उरले जेमतेम अर्धा ग्रॅम. रिपोर्टवर प्रथिन ‘जास्त’ दिसते, प्रत्यक्षात उपयोगी प्रतिपिंडे घटलेली असतात. अशा रुग्णांना वारंवार न्यूमोनिया होतो, तो यामुळे.

एम बँड दिसला म्हणजे मायलोमा?

नाही. पन्नाशीनंतर सुमारे ३ टक्के लोकांत छोटा एम बँड आढळतो. तो ३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, अस्थिमज्जेत अशा पेशी १० टक्क्यांहून कमी असतील आणि अवयवांना इजा नसेल, तर त्या स्थितीला ‘एमगस’ म्हणतात. तिचे मायलोमा किंवा तत्सम आजारात रूपांतर होण्याचा धोका वर्षाला सुमारे १ टक्का असतो. तिथे औषध नव्हे, ठरावीक काळाने तपासणी लागते. मायलोमाच्या निदानासाठी साधारणपणे अस्थिमज्जेत १० टक्के किंवा अधिक बिघडलेल्या पेशी आणि सोबत वाढलेले कॅल्शियम, मूत्रपिंडाची इजा, रक्तक्षय किंवा हाडांतील पोकळ्या यांपैकी काहीतरी पाहिले जाते. बँड कोणत्या प्रतिपिंडाचा आहे, हे ‘इम्युनोफिक्सेशन’ चाचणी सांगते.

बँड नसेल तर निर्धास्त राहावे?

तसेही नाही. काही रुग्णांत पेशी पूर्ण प्रतिपिंड न बनवता त्याचा छोटा तुकडा, ‘लाइट चेन’, बनवतात. हे तुकडे लघवीवाटे निघून जातात आणि आलेख जवळपास सामान्य दिसू शकतो. लघवीच्या पट्टीवर प्रामुख्याने अल्ब्युमिन कळते, लाइट चेन निसटते. म्हणून संशय असल्यास रक्तातील ‘फ्री लाइट चेन’ चाचणीही केली जाते.

हेच तुकडे मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात. त्यात पाठदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांची भर पडली, तर मूत्रपिंड वेगाने निकामी होऊ शकते. उतारवयात न थांबणारी पाठदुखी आणि सोबत कमी हिमोग्लोबिन किंवा वाढलेले क्रिएटिनिन असेल, तर गोळी बदलण्याआधी या चाचण्यांविषयी डॉक्टरांना विचारणे योग्य. एम बँड आढळल्यास पुढचा सल्ला रक्तविकारतज्ज्ञांचा घ्यावा.