एकुलत्या लेकीचं भावंड म्हणजे तिची आईच



"तू एकुलती एक, तुला वाटेकरी नाही!" हे मी मंदिराच्या पायरीवर आणि लग्नाच्या पंगतीत कितीदा तरी ऐकलं आहे. घरादाराला वाटेकरी नाही हे खरं, पण रात्रीच्या जागरणालाही वाटेकरी नाही, हे मात्र कुणी म्हणत नाही. दुसरं वाक्य याहून घातक आहे. "अजून आई धडधाकट आहे ना, मग आत्तापासून कशाला काळजी?"

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आई धडधाकट आहे तेव्हाच काळजी करायची. ज्यांना भाऊ-बहीण नाही त्यांचं भावंड म्हणजे दोघांतला जो चालता-फिरता आहे तोच. तो आहे तोवर एका आजाऱ्यामागे दोन माणसं असतात. तो पडला की दोन आजाऱ्यांमागे एकच माणूस उरतं, आणि हे एका दिवसात घडतं.

आमच्याकडे तसंच झालं. बाबांना पार्किन्सन आहे. मागच्या हिवाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अशा मोडीवर ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत करतात, कारण म्हातारं माणूस पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. दवाखान्यात आईजवळ चोवीस तास घरचं माणूस हवं होतं. आणि घरी बाबा एकटे.

पार्किन्सनच्या गोळीला वेळ चुकलेली चालत नाही. उशीर झाला की अंग लाकडासारखं होतं, कूस बदलता येत नाही, गिळायलाही जड जातं. शिवाय ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते, कारण डाळ-दूध पोटात असेल तर तिचा गुण कमी येतो. त्यात बाबा सूर्यास्तानंतर तोंडात पाणीही घालत नाहीत. आईने डॉक्टरांशी बोलून संध्याकाळची गोळी हळूहळू विरघळणारी करून घेतली होती, आणि थंडीत सूर्य लवकर मावळतो म्हणून दिवसभराच्या वेळा थोड्या अलीकडे आणल्या होत्या. हे सगळं कुठे लिहिलेलं होतं? फक्त आईच्या डोक्यात! आणि आई ऑपरेशनच्या टेबलावर होती.

त्या आठवड्यात फोन पुष्कळ आले. "लेकीने स्वतःच्या हातांनी करावं, पैसे देऊन बाई ठेवू नये," हा सल्लाही आला. मी विचारते, हात किती? दवाखान्यातली रात्र आणि घरची रात्र एकच असते. एक माणूस दोन पलंगांशी बसू शकत नाही, हा भक्तीचा नव्हे, मोजणीचा प्रश्न आहे. दोन भाऊ एकेक रात्र वाटून घेतात तेव्हा "सेवेत वाटणी कसली?" असं त्यांना कुणी विचारत नाही. मग एकटीने मावशी ठेवली की ती आई-बापाला टाकणारी कशी?

म्हणून माझं एकुलत्या लेकींना सांगणं आहे की, आई चालती-फिरती असतानाच मदतीची बाई लावा, आठवड्यातून दोन दुपारी का होईना. आपल्या घरी कंद चालत नाहीत, पाणी गाळून उकळून लागतं, बाबांना उठवताना हात ओढायचा नाही, हे तिला आईच शिकवू शकते. संकटाच्या रात्री आलेल्या अनोळखी बाईला हे शिकवायला कुणी नसतं, आणि बाबाही तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. गोळ्यांच्या वेळा, सूर्यास्ताप्रमाणे होणारा बदल आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. डोस बदलला की त्याच दिवशी कागदही बदला, नाहीतर जुना कागदच घात करेल.

आणि महिला मंडळालाही विचारते. चातुर्मासात महाराजांच्या आहाराचे दिवस आपण वाटून घेतोच ना? कुणाचा चौका कधी, हे महिनाभर आधी ठरलेलं असतं. वैयावृत्त्य हे तप आहे, असं आपण प्रवचनात ऐकतो. मग ज्या घरी एकच लेक आणि दोन म्हातारी माणसं आहेत, त्या घराची यादी आपण का करत नाही? मला कौतुक नको. मंगळवारी चार ते सहा बाबांजवळ बसून वेळेवर गोळी देणारी एक जण हवी.

"काही लागलं तर सांग" म्हणू नका. वार आणि वेळ सांगा.