यादीला नंबर घालू नका

रविवारी संध्याकाळी वहीच्या शेवटच्या पानावर आठवड्याची कामं उतरवायची आणि त्यांना एक, दोन, तीन असे नंबर घालायचे, ही बहुतेक कॅडेट्सची पद्धत. माझ्या मते नंबर घालण्याची ही घाईच यादी बिघडवते.

समजा, बारावीच्या एका कॅडेटची यादी अशी आहे: फिजिक्सची फाइल, बूट पॉलिश, एनडीएचं गणित, आईला पत्र, केमिस्ट्रीची चाचणी, ग्राफ पेपर, वादविवादाचे मुद्दे, सरांची सही. नंबर घातले तर ग्राफ पेपर तळाला जाईल, कारण काम किरकोळ दिसतं.

आता हीच यादी कामवार लावू. फाइल, ग्राफ पेपर आणि सही या तीन ओळी एकाच कामाच्या आहेत. फाइल शनिवारी जमा करायची आहे. तिथून उलटं मोजत या. सरांना तपासायला दोन दिवस हवेत, म्हणजे ती गुरुवारी त्यांच्या हातात पडायला हवी आणि बुधवारी रात्री लिहून संपायला हवी. ओहमचा नियम आणि बहिर्वक्र भिंग हे दोन प्रयोग उतरवायचे राहिलेत, आणि दोन्हींना आलेख लागतो. म्हणजे तळाचा ग्राफ पेपर हे सोमवारचं पहिलं काम ठरलं! मोहिमेची आखणीही अशीच, ठरलेल्या वेळेपासून मागे मोजत करतात.

मग हातातला वेळ मोजा. संध्याकाळची प्रेप रोज दीड तास धरली, तर सहा दिवसांचे नऊ तास होतात. त्यातले सातच वाटा. फाइलला सोमवारी एक तास आणि बुधवारी दीड. शुक्रवारच्या चाचणीसाठी गुरुवारची प्रेप. एनडीएचं गणित मंगळवारी आणि शुक्रवारी. ही परीक्षा अजून लांब आहे, त्यामुळे फक्त तारखा पाहून कामं लावली तर गणिताची पाळी कधीच येत नाही. पण लेखीच्या ९०० गुणांपैकी ३०० त्याचेच. म्हणून त्याचे वार आधीच राखायचे. वादविवाद पुढच्या पंधरवड्यात आहे. शनिवारची प्रेप मोकळी राहिली तर मुद्दे तेव्हा काढा, नाहीतर पुढच्या आठवड्यात. शनिवार मुद्दाम मोकळा ठेवलाय, कारण मध्येच एखादी जादा परेड निघतेच. बूट आणि पत्र यांना प्रेप लागत नाही; ती रविवारीच उरका. (पत्र आधी. आया वाट पाहतात.)

एकच ओळ तीन आठवडे पुढे ढकलली जात असेल, तर दोष बहुधा आळसाचा नसतो, ओळीचा असतो. ‘एनडीएचं गणित’ हे कामाचं नाव झालं. एका बैठकीत ते कोण संपवणार? ‘त्रिकोणमितीची वीस उदाहरणं’ असं लिहा, म्हणजे मंगळवारी वही उघडल्यावर कुठून सुरुवात करायची ते शोधावं लागणार नाही.