मांजरीचा 'दमा' आणि डासाने सोडलेली अळी

मांजर मान खाली घालून, पोट आत ओढून, जमिनीला चिकटून खोकते. केसांचा गोळा अडकला असेल असे घरच्यांना वाटते. गोळा बाहेर येत नाही, खोकला मात्र आठवड्यातून दोनदा येऊ लागतो. मग पशुवैद्य छातीचा एक्स-रे काढतात, 'दमा' म्हणतात, स्टेरॉइड देतात आणि मांजर सुधारते. ज्या प्रदेशात हार्टवर्म हा कृमी आढळतो, तिथे या सुधारणेवर लगेच विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेरॉइडने दमा जसा शमतो तशीच कृमीमुळे झालेली फुप्फुसाची सूजही शमते.

हार्टवर्म म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस. हा मुळात कुत्र्याचा परजीवी. कुत्र्याच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत नर-मादी कृमी राहतात आणि मादी रक्तात सूक्ष्म पिल्ले सोडत राहते. त्या कुत्र्याला चावलेला डास रक्ताबरोबर ही पिल्लेही पितो. डासाच्या शरीरात ती दोनदा कात टाकतात आणि मगच दुसऱ्या प्राण्याला लागण करण्याइतकी तयार होतात. सत्तावीस अंश सेल्सिअसच्या आसपास या सगळ्याला साधारण दोन आठवडे लागतात, तापमान १४ अंशांखाली गेले की वाढ थांबते. डास पुढे मांजरीला चावतो तेव्हा अळी सुईने टोचल्यासारखी आत सोडली जात नाही. ती डासाच्या सोंडेजवळून एका थेंबात त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून स्वतः आत शिरते.

एकाच मांजरीकडून दुसरीकडे हा रोग जात नाही. मांजरीच्या रक्तात सूक्ष्म पिल्ले क्वचितच असतात, असली तरी थोडे दिवस. म्हणून मांजरीचा धोका किती, हे शेजारच्या कुत्र्यांवरून ठरते. २००५ साली कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून सोडवून आणलेल्या कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा जवळपास निम्म्या कुत्र्यांत हा कृमी सापडला होता. अशा वस्तीत 'आमची मांजर घराबाहेर पडतच नाही' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. उत्तर कॅरोलायनात निदान झालेल्या मांजरींपैकी सुमारे चौथा हिस्सा केवळ घरात राहणाऱ्या मांजरींचा होता. डासाला आत यायला बाल्कनीचे दार क्षणभर उघडे असले तरी पुरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता एक उदाहरण धरू. ह्यूस्टनमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब आहे. घरात दोन वर्षांची मांजर आहे आणि तिला महिन्याचे प्रतिबंधक औषध दिले जात नाही. जूनच्या मध्यावर तिला डास चावतो. पहिले काही दिवस अळी त्वचेखालीच असते, तिथे तिचे पुढच्या अवस्थेत रूपांतर होते. मग ती स्नायूंमधून प्रवास करते, आणखी एकदा कात टाकते आणि साधारण सत्तर ते नव्वद दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरमध्ये, रक्तातून फुप्फुसाच्या धमन्यांत पोहोचते. तोवर मांजर अगदी ठणठणीत असते.

सप्टेंबरात मात्र गोंधळ उडतो. मांजर हा या कृमीचा नैसर्गिक यजमान नाही. तिच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत खास भक्षक पेशी असतात आणि त्या आलेल्या कोवळ्या कृमींवर तुटून पडतात. बहुतेक कृमी इथेच मरतात. ऐकायला चांगले वाटते, पण मेलेल्या कृमींचे तुकडे लहान धमन्यांत आणि आसपासच्या ऊतींत सूज आणतात. श्वासनलिका जाड होतात, मांजर खोकते, धापा टाकते, कधी खाण्याशी संबंध नसताना उलटी करते. पशुवैद्यकात याला कृमीमुळे होणारा श्वसनविकार म्हणतात आणि हृदयाचा त्यात जवळपास संबंध नसतो. म्हणजे 'हार्टवर्म' हे नावच दिशाभूल करणारे आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठात याचा एक निर्णायक प्रयोग झाला. मांजरींना मुद्दाम अळ्या देऊन त्यांचे तीन गट केले. एका गटाला पहिल्या महिन्यापासून प्रतिबंधक औषध दिले. दुसऱ्या गटाला औषध सुमारे बारा आठवड्यांनी दिले, म्हणजे अळ्या फुप्फुसात पोहोचू लागल्यावर, पण पूर्ण वाढलेले कृमी तयार होण्याआधी. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. दुसऱ्या गटातील मांजरींत वाढलेले कृमी झालेच नाहीत, तरीही फुप्फुसे आजारी पडली. पहिला गट मात्र जवळजवळ वाचला. एकही वाढलेला कृमी न होता मांजर आजारी पडू शकते, हे यातून दिसले. त्यामुळे 'कृमी सापडला नाही, म्हणजे रोग नाही' हा तर्क इथे चालत नाही.

ह्यूस्टनच्या घरात आता रक्ताची तपासणी होते. नेहमीची तपासणी मादी कृमीच्या शरीरातून सुटणारे प्रथिन शोधते, त्याला प्रतिजन म्हणतात. सप्टेंबरात मादी अजून पूर्ण वाढलेली नाही, म्हणून निकाल नकारात्मक. पुढे फेब्रुवारीपर्यंत एखादा कृमी जगून वाढला, असे समजू. मांजरीत एकूण कृमी एक-दोन किंवा तीनच असतात. कुत्र्यात ते डझनांनी असू शकतात. आणि तो एकटा कृमी नर निघाला, तर प्रतिजन तपासणी पुन्हा नकारात्मकच येणार, कितीही वेळा केली तरी. एकच मादी असली तरी प्रथिन इतके कमी असू शकते की तपासणी चुकते. कधी ते प्रथिन मांजरीच्या प्रतिपिंडांशी घट्ट बांधलेले असते आणि नमुना तापवून बंध तोडल्यावरच दिसते.

दुसरी तपासणी प्रतिपिंडांची. ती लागणीनंतर साधारण दोन महिन्यांत सकारात्मक होऊ शकते, नर-मादी भेद तिला नसतो. पण ती सकारात्मक आली तर एवढेच कळते की अळ्या कधीतरी शरीरात शिरल्या होत्या. त्या आता जिवंत आहेत, मेल्या आहेत की मांजरीने आधीच संपवल्या आहेत, हे तिला सांगता येत नाही. म्हणून चांगला पशुवैद्य दोन्ही तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि जमल्यास हृदयाची सोनोग्राफी एकत्र वाचतो. सोनोग्राफीत नशीब असेल तर फुप्फुसाच्या धमनीत '=' या चिन्हासारख्या दोन समांतर रेषा दिसतात. ती कृमीची भिंत असते. नाही दिसल्या तर मात्र कृमी नाही, असे म्हणता येत नाही. एक्स-रेमध्ये जाड झालेल्या धमन्या दिसल्या तर संशय बळावतो, पण फुप्फुसाची छाया दम्यासारखीच असते. मला विचाराल तर अहवालावरचा 'निगेटिव्ह' हा शब्द या रोगात सर्वात जास्त गैरसमज पसरवतो.

त्या एकट्या नराचे पुढे काय होते? तो दोन-चार वर्षे जगतो. जिवंत असेपर्यंत तो मांजरीच्या भक्षक पेशींना दबवून ठेवतो, त्यामुळे लक्षणे कमीही होतात. घरच्यांना वाटते, दमा बरा झाला. मग तो म्हातारा होऊन मरतो आणि दाबलेली प्रतिक्रिया एकदम उफाळते. धमनीत गुठळी अडते, मांजर काही तासांत दगावू शकते, कधी तर आधी कसलेच लक्षण नसते. कुत्र्यांत वाढलेले कृमी मारण्यासाठी वापरले जाणारे मेलार्सोमिन मांजरीला विषारी ठरू शकते, शिवाय कृमी एकदम मारणे म्हणजे तीच गुठळी स्वतः ओढवून घेणे. म्हणून उपचार म्हणजे प्रेडनिसोलोनच्या कमी होत जाणाऱ्या मात्रा, विश्रांती आणि वाट पाहणे. मांजर या काळात आपणहून बरीही होते.

म्हणूनच अशा प्रदेशात माझा कल चाचण्यांपेक्षा प्रतिबंधाकडे आहे. सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनचे थेंब मानेच्या मागे टाकतात, मिल्बेमायसिन किंवा आयव्हरमेक्टिन तोंडाने देतात. हे डासांना पळवत नाही. ते मागच्या सुमारे महिन्याभरात शरीरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते, म्हणून दर महिन्याला द्यावे लागते. सुरुवात आठ आठवड्यांच्या पिल्लापासून आणि ती वर्षभर. दोन-तीन महिने विसरले तर मधल्या अळ्या औषधाच्या पकडीतून निसटतात. घरातल्या कुत्र्यालाही त्याचे स्वतःचे प्रतिबंधक औषध हवेच, कारण डासाला पिल्ले तिथूनच मिळतात.

महाराष्ट्रात काय? भारतात या कृमीच्या नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांतील कुत्र्यांच्या आहेत. केरळात त्वचेखाली राहणारी त्याची भावंड जात, डायरोफिलेरिया रेपेन्स, अधिक दिसते. त्यामुळे पुण्याच्या किंवा नागपूरच्या प्रत्येक मांजरीवर केवळ या भीतीने दर महिन्याला खर्च करा, असे मी म्हणणार नाही. पिसवांसाठी सेलामेक्टिन चालू असेल तर हे काम आपोआपच होते. पण नोकरीनिमित्त गुवाहाटी-शिलाँगकडे बदली होऊन मांजर बरोबर नेणारे, किंवा अमेरिकेतून ती परत आणणारे, यांनी पशुवैद्याला प्रवासाचा इतिहास नक्की सांगावा. खोकणाऱ्या मांजरीबद्दल 'ती कुठे राहून आली?' हा प्रश्न आपल्याकडे क्वचित विचारला जातो.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्रातही तितकीच खरी. डास टाळण्यासाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे काही थेंब मिळतात, त्यांत परमेथ्रिन असते. ते उरलेले थेंब मांजरीला घालू नका. तिच्या यकृताला ते पुरेसे लवकर मोडता येत नाही आणि काही तासांत अंग थरथरते, झटके येतात, मृत्यूही येतो. आकडे करून मोठ्या जनावरांचे आयव्हरमेक्टिन पाजणेही तितकेच धोक्याचे. चुकून थेंब पडलेच, तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाने अंग धुवा, मांजर चाटणार नाही असे बघा आणि थरथर सुरू व्हायची वाट न पाहता डब्यासह दवाखान्यात जा. कुत्र्याला असे थेंब टाकले असतील तर ते वाळेपर्यंत मांजरीला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.