कुत्र्याच्या तोंडी आपलीच आरती

समजा बंड्या नावाचा एक लॅब्रॅडॉर आहे. आज त्याचा पाचवा वाढदिवस. फोटोत डोक्यावर चकचकीत टोपी, हनुवटीखाली ताणलेलं इलॅस्टिक, समोर केक आणि मागे लाल फुगे. खाली कॅप्शन:

‘हाय फ्लेन्ड्स! आज मी पात वल्सांचा जालो! माज्या मम्मा-पप्पांनी मला केक आनला. ते जगातले बेश्ट मम्मा-पप्पा आहेत. मला एवलं प्लेम दिल्याबद्दल थँक्यू!’

हे तुम्ही शंभरदा वाचलंय, कदाचित लिहिलंही असेल. यात गोड काय आहे ते मलाही कळतं, पण गोडाखाली काय चाललंय ते बघा. नमस्कार सोडला तर कॅप्शनमध्ये चार वाक्यं आहेत आणि त्यातली तीन मम्मा-पप्पांवर आहेत. वाढदिवस बंड्याचा, गौरव समारंभ मालकांचा. ‘आम्ही जगातले सर्वोत्तम पालक आहोत’ असं कोणी स्वतःच्या नावाने लिहिलं तर मित्र चार दिवस टिंगल करतील. तेच वाक्य कुत्र्याच्या तोंडी घातलं की त्यावर बदाम पडतात. स्वतःची आरती स्वतः ओवाळायची लाज वाटते म्हणून तबक बंड्याच्या पंजात दिलंय, इतकंच.

आता ते बोबडेपण घ्या. पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर बोबडा कसा? ‘एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशोब आपण लहानपणापासून ऐकतो, पण तो ढोबळ आहे. कुत्रा पहिल्या वर्षात भराभर मोठा होतो आणि मग त्याचा वेग मंदावतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शंभराहून थोड्या जास्त लॅब्रॅडॉरांच्या डीएनएवर वयानुसार उमटणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी जुळवून पाहिल्या. त्यातून निघालेल्या सूत्रात पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर साधारण सत्तावन्न वर्षांच्या माणसाच्या जोडीला बसतो. हे सूत्र एकाच जातीवरून काढलेलं आहे, त्यामुळे ते प्रत्येक कुत्र्याला जसंच्या तसं लावू नका. पण बंड्या लॅब्रॅडॉर आहे. म्हणजे आपण ज्याच्याकडून ‘पात वल्सांचा जालो’ म्हणवून घेतोय ते गृहस्थ सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून आवाज चढवण्याच्या वयाचे आहेत.

इथपर्यंत नुसती गंमत आहे. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. फोटोत बंड्या आधीच काहीतरी बोलतोय आणि कॅप्शन त्याच्यावर आवाज चढवतं.

फोटो मोठा करून बघा. कान मागे दाबलेत. मान केकपासून वळलेली आहे, पण डोळे तिकडेच आहेत, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसतेय. तोंड घट्ट मिटलंय आणि जिभेचं टोक नाकावर आलंय. नॉर्वेच्या ट्रेनर तुरिद रुगास यांनी अशा खुणांवर पुस्तक लिहिल्याला आता बरीच वर्षं झाली. नाक चाटणं, मान वळवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, या सगळ्यातून कुत्रा ‘जरा दमानं घ्या’ असं सांगू शकतो. एकट्या खुणेवरून निकाल लावू नये. जीभ केकच्या वासानेही बाहेर येते आणि जांभई खरोखर झोपेचीही असते. म्हणून त्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे चार-पाच फोटो काढून बघा. टोपी घालायच्या आधी तोंड सैल उघडं होतं, घातल्यावर मिटलं आणि काढल्याबरोबर त्याने अंग झटकलं, तर उत्तर मिळालं. तो म्हणतोय ‘हे काढा’ आणि खाली आपण लिहितोय ‘बेश्ट मम्मा-पप्पा’.

याच घराण्यातली दुसरी पोस्ट म्हणजे कबुलीजबाब. ‘मी केकची कोपरी खाल्ली, सॉरी मम्मा,’ आणि खाली मान घातलेला कुत्रा. त्याचा तो अपराधी चेहरा अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर तपासला. मालकाने ‘हे खायचं नाही’ असं बजावून खोलीबाहेर जायचं. पाठीमागे कधी कुत्र्याला तो खाऊ दिला जायचा, कधी नुसताच उचलून ठेवला जायचा. मालकाला सांगितलं जायचं ते मात्र दर वेळी खरं नसायचं. चेहरा पडायचा तो खाल्लं म्हणून नाही, मालक रागावला म्हणून. न खाल्लेला कुत्राही ओरडा बसला की तितकाच अपराधी दिसायचा. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप म्हणून कॅप्शन देतो, ती आपल्याच चढलेल्या आवाजाची प्रतिक्रिया असते. आरोप आपला, कबुलीही आपणच लिहिलेली, बंड्याची फक्त सही.

‘अरे, गंमत आहे, कुत्र्याला कुठे वाचता येतं?’ असं कोणीतरी म्हणणारच. वाचता येत नाही म्हणूनच तर जबाबदारी वाढते, कारण तो खाली ‘मी असं म्हणालो नाही’ अशी कमेंट टाकू शकत नाही. आणि प्राण्याला बोलतं करायला माझा विरोध मुळीच नाही. पंचतंत्रावर वाढलेली माणसं आपण. (नामदेवांच्या गोष्टीत तर कुत्रं पोळी पळवतं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. त्या कुत्र्याला कोणी थँक्यू म्हणायला लावलेलं नाही, ते पळतं.) मागणी एवढीच की बंड्या बोलणार असेल तर त्याने बंड्यासारखं बोलावं.

तर मग त्याच फोटोचं कॅप्शन नव्याने लिहूया. आधी बंड्याला काय ठाऊक नाही ते काढून टाकू. ‘आज’, ‘पाच’, ‘वाढदिवस’ गेले. लाल फुगेही गेले, कारण कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल त्याला मळकट तपकिरीसारखा दिसतो. उरतं काय? वास, आवाज, हनुवटीला काचणारं इलॅस्टिक आणि ताटली. केक कुत्र्यासाठी केलेला होता असं धरू. चॉकलेट, मनुका किंवा झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य पोटात गेलं असेल, तर कॅप्शन राहू द्या आणि आधी पशुवैद्याला फोन करा. आवाज मात्र सत्तावन्न वर्षांच्या काकांचा ठेवायचा:

‘सकाळपासून स्वयंपाकघराचं दार बंद. आत चिकन आहे, हे पलीकडच्या बिल्डिंगलाही कळलं असेल. मग माझ्या डोक्याला काहीतरी बांधलं. का, ते सांगायची पद्धत या घरात नाही. चिकन आणलं आणि त्याला आग लावली. सगळे ओरडले म्हणून मीही ओरडलो, तर मलाच गप्प केलं. शेवटी आग विझवली. चिकन बरं होतं. कोपऱ्यातल्या बाईंच्या पिशवीला दुसऱ्या कुत्र्याचा वास येतोय. त्या विषयावर कोणीच बोलत नाही.’

यात मम्मा-पप्पांचं कौतुक एका शब्दाचंही नाही, तरी त्यांनी सकाळभर खपून चिकन शिजवलं हे वाचणाऱ्याला कळतंच. कुत्री असेल तर ‘ओरडलो’चं ‘ओरडले’ करा. मराठीत मी म्हणणारा कोण आहे, हे क्रियापद लगेच सांगतं. आणि या मजकुराला टोपीचा फोटो चालणार नाही. टोपी काढल्यावर बंड्या थेट त्या पिशवीकडे गेला असेल आणि नाक आत घालून उभा राहिला असेल. फोटोत त्याची फक्त पाठ आणि शेपटी येईल. तो लावा.