पट्टा गेला, ओढ राहिली

घरातलं माणूस गेलं की भिंतीवरच्या तसबिरीसाठी फोटोंची शोधाशोध सुरू होते. स्टुडिओत काढलेले फोटो ताठ आणि ओळखू न येणारे असतात. मनासारखा, मोकळा हसरा चेहरा सापडतो तो बहुधा सहलीतल्या नाहीतर यात्रेतल्या फोटोत, आणि तिथे छातीवरून तिरका गेलेला बॅगेचा पट्टा असतो. कुटुंब स्टुडिओवाल्याला म्हणतं, ‘एवढा पट्टा काढून द्या.’ मग बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर पट्टा घाईत पुसला जातो, नाहीतर गळ्याखाली तयार कोट चढवला जातो. माझा दोन्हीला विरोध आहे. तो शर्ट त्या माणसाचा होता, घरच्यांनी तो धुतला, वाळत घातला. तोच शर्ट नीट परत उभा करता येतो. मात्र त्यासाठी पट्टा कापडाला काय करतो हे आधी कळायला हवं.

पट्टा कापडाला झाकतो आणि ओढतोही. बॅगेत वजन असतं. पट्टा खांद्यावर कापड दाबून सपाट करतो, छातीवरून जाताना त्याला बॅगेच्या दिशेने खेचतो, आणि दोन्ही कडांना आखूड चुण्या उभ्या करतो. आपण फक्त पट्ट्याची जागा भरली तर या चुण्या मागे राहतात. कुठूनशा येतात आणि मधेच, काहीही नसलेल्या एका तिरक्या रेषेपाशी थांबतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तिथे काहीतरी होतं हे त्याला जाणवतं. फोटोशॉपमधलं कंटेंट-अवेअर फिल इथे फसतं ते याचमुळे. ते आजूबाजूचे तुकडे जुळवून भोक भरतं. त्या तुकड्यांतल्या कोणत्या चुण्या पट्ट्याच्या आणि कोणत्या शर्टाच्या, हे त्याला कळत नाही. आयडी कार्डाच्या दोरीचं तसं नसतं. ती हलकी असते, कापडाला जवळजवळ ओढतच नाही. तिथे दोरी, तिची बारीक सावली आणि पोटावरचं कार्ड एवढंच भरायचं असतं.

एक नमुना घेऊ. चौकडीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पट्टा माणसाच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे गेलेला, म्हणजे आपल्याला फोटोत वर डावीकडून खाली उजवीकडे उतरताना दिसतो. ऊन फोटोच्या उजव्या वरच्या बाजूने येतंय, त्यामुळे पट्ट्याची सावली त्याच्या खालच्या कडेला पडली आहे. तिसरं बटण पट्ट्याखाली गेलंय.

पहिलं काम ब्रश न लावता करायचं. वर एक रिकामा लेयर घ्यावा आणि चुण्या वाचाव्यात. जी चुणी पट्ट्याच्या एका कडेपाशी संपते आणि दुसऱ्या कडेपलीकडे त्याच रेषेत पुन्हा निघते, ती शर्टाची. तिच्यावर हिरवी खूण. जी पट्ट्याच्या कडेपाशीच जन्मते आणि थोड्या अंतरावर विरते, ती पट्ट्याची, तिच्यावर लाल. शर्टाच्या चुण्यांना नेहमी उगम असतो. त्या काखेतून, खांद्याच्या टोकावरून, पोटाच्या फुगीर भागावरून निघतात. उगमापाशी ठळक असतात आणि पुढे निमुळत्या होतात. ज्या चुणीला शरीरावर उगम दाखवता येत नाही, ती ठेवू नये.

दुसरं काम ओढ सोडवण्याचं, आणि ते भरण्याच्या आधी. चौकडीच्या उभ्या रेघा इथे मोलाच्या आहेत. पट्ट्याजवळ त्या बॅगेकडे वाकलेल्या दिसतात, बटणपट्टीही तशीच. लिक्विफायने मोठा ब्रश घेऊन, कमी दाबाने, त्या हळूहळू मूळ ओळीत आणाव्यात. पट्ट्याच्या वरची आणि खालची रेघ एकमेकींच्या सरळ रेषेत आली की मगच भरायला घ्यावं. उलट क्रमाने केलं तर वाकड्या रेघा जोडण्यासाठी मधे खोटं वळण काढावं लागतं, आणि चौकडीत ते लगेच दिसतं.

आता भरणं. निवड पट्ट्यापेक्षा रुंद हवी, आणि सावलीच्या बाजूने आणखी रुंद. सावलीची अस्पष्ट कड राहिली तर पट्टा गेल्यावरही त्याचा माग राहतो. पुढचा क्रम पाळावा: आधी उजेड-अंधार, मग चुण्या, मग चौकडी, शेवटी फोटोचा दाणा. वेगळ्या लेयरवर मऊ ब्रशने दोन्ही बाजूंचा रंग घेऊन सपाट छटा भरावी. चुण्यांसाठी 50 टक्के करड्या रंगाचा लेयर सॉफ्ट लाइटवर ठेवून त्यावर उजळ आणि गडद करत जावं. प्रत्येक चुणीत उजेडाकडची उजळ बाजू, पलीकडची गडद बाजू आणि दोहोंमधली मऊ उतरण असते. तिन्ही नसतील तर ती चुणी काढलेल्या रेघेसारखी दिसते. चौकडी क्लोन स्टॅम्पने, सॅम्पलिंग `Current & Below` वर ठेवून, त्याच शर्टाच्या सारख्या उजेडातल्या भागातून घ्यावी. दुसऱ्या बाजूची छाती उलटवून चिकटवण्याचा मोह टाळावा. उलटवली की उजेडही उलटतो.

बटण अंदाजाने ठेवू नये. दुसरं आणि चौथं दिसतंय, म्हणजे तिसरं त्यांच्या मध्यावर. पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू उजवीच्या वर येते, त्यामुळे पट्टीची शिवणही त्याच बाजूला जोडायची.

तपासताना फोटो आडवा उलटा करून पाहावा, मग कृष्णधवल करून. वर कर्व्ह्जचा लेयर टाकून उजेड-अंधार मुद्दाम तीव्र करावा. भरलेला भाग डागासारखा वेगळा उठला तर छटा चुकली आहे. जवळून तो भाग आजूबाजूपेक्षा गुळगुळीत वाटला तर दाणा कमी पडलाय. सगळ्याच चुण्या घालवून शर्ट इस्त्री केल्यासारखा करणं हीदेखील चूकच, कारण बाहीवर आणि पोटावर दिवसभर वापरल्याच्या सुरकुत्या तशाच असतात.

काही फोटोंना हात लावू नये. माणसाने अंगठा पट्ट्यात अडकवला असेल, तर पट्टा काढल्यावर तो हात हवेत काहीतरी धरून राहतो. पट्ट्याखाली पदराच्या निऱ्या आणि जरीची नक्षी असेल, आणि तो पदर दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसत नसेल, तर आपण नक्षी मनाने रचणार. ते मी करू देणार नाही. बातमीच्या फोटोतला पट्टा तर काढायचाच नाही. 2010 मध्ये छायाचित्रकार स्टेपान रुडिक यांचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार रद्द झाला, तो फोटोतल्या एका पायाचा छोटासा भाग पुसल्यामुळे. तसबीर घराची असते, तिथे कुटुंबाचा शब्द चालतो. बातमीत जे समोर होतं तेच राहायला हवं.

मनाने काही रचावं लागू नये म्हणून स्टुडिओवाल्यांनी काम घेताना आधी त्या दिवसाचे सगळे फोटो मागावेत, अस्पष्ट असले तरी. पाठमोरा किंवा बसलेला फोटोही चौकडीचं माप, खिशाची जागा, कॉलरचा आकार सांगतो. आणि कुटुंबानेही विचारावं की शर्ट हाच राहणार ना. ‘कोट चढवून देतो’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या स्टुडिओची पायरी चढावी.