‘अलीकडे’ म्हणजे कुणाच्या अलीकडे?

गेल्या गणपतीत कोल्हापूरहून बेळगावला परत येत होतो. गाडीत आई आणि मी. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. निपाणी, कणगला मागे टाकलं आणि समोर मोटारसायकल आडवी पडलेली दिसली. नवरा-बायको दोघं रस्त्याच्या कडेला. तो पाय धरून कण्हत होता, ती काहीच बोलत नव्हती.

मी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावले आणि ११२ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत विचारलं, कुठे आहात? मी म्हणालो, "हायवेला, संकेश्वरच्या जरा अलीकडे, एका ढाब्याजवळ. लवकर पाठवा." आणि फोन ठेवला.

वीस मिनिटांनी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन आला. तो हत्तरगी ते संकेश्वर दोनदा शोधून आला होता. मी निपाणीकडून येत होतो, म्हणून माझं ‘अलीकडे’ म्हणजे संकेश्वरच्या उत्तरेला. तो बेळगावच्या बाजूने विचार करत होता, त्याचं ‘अलीकडे’ दक्षिणेला. चूक त्याची नव्हती, माझी होती. आणि ढाबे तर त्या रस्त्यावर पावलापावलाला आहेत.

तेवढ्यात आई मोबाइलचा टॉर्च मारत म्हणाली, "अरे, तो दगड बघ की!" पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड दहा पावलांवर होता. आकडा ५६३. तो सांगितल्यावर ड्रायव्हरने एकच प्रश्न विचारला, "कुठली साइड?" मी म्हणालो, "कोल्हापूरकडून बेळगावला जाणारी." मग तो नेमका आला.

त्या रात्रीनंतर मी हे नीट समजून घेतलं. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं. दोन मोठ्या दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला लहान दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. ५६३ आणि ५६४ च्या मध्ये ‘४’ दिसला, तर तुम्ही ५६३.४ वर आहात. हा आकडा कुठूनही आलात तरी बदलत नाही. पुढे, मागे, अलीकडे, डावीकडे हे शब्द मात्र बोलणारा कुठे तोंड करून उभा आहे त्यावर बदलतात.

बाजू सांगणं तितकंच गरजेचं. मध्ये दुभाजक असतो. चुकीच्या बाजूला आलेल्या ॲम्ब्युलन्सला तुम्ही समोर दिसता, पण तिला वळायला पुढच्या पुलाखालीच जावं लागतं. म्हणून ‘कुठून कुठे जाणारी बाजू’ असं दोन्ही गावांची नावं घेऊन सांगायचं.

आपल्या सीमाभागात अजून एक अडचण. कोगनोळी-कागल पट्ट्यात तुमचा फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो आणि कॉल तिकडच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. म्हणून राज्य आणि जिल्हा सर्वांत आधी. माझा तो फोन असा व्हायला हवा होता:

"कर्नाटक, बेळगाव जिल्हा. राष्ट्रीय महामार्ग ४८, किलोमीटर ५६३, कणगला आणि संकेश्वरच्या मध्ये. कोल्हापूरकडून बेळगावला जाणारी बाजू. मोटारसायकल पडली आहे. दोन जखमी. पुरुष शुद्धीवर आहे, पायाला मार. बाई बोलत नाहीत, श्वास चालू आहे. कुणी अडकलेलं नाही, आग नाही."

वीसेक सेकंदांचं काम. जागा आधी, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. जखमींचं नंतर, आणि फक्त डोळ्यांना दिसतं तेवढंच. "डोक्यात रक्तस्राव झालाय" हा अंदाज झाला, "कानातून रक्त येतंय" ही माहिती. टँकर असेल, काही सांडत असेल, तर तेही सांगा. आणि "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. मी तो ठेवला नसता, तर बाजूचा प्रश्न तिथेच निघाला असता.

दगड दिसलाच नाही तर? मॅपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. दशांशचिन्हानंतरचे चार आकडे वाचले, तर साधारण अकरा मीटरपर्यंत नेमकी जागा कळते. एकेक आकडा सुटा वाचा आणि परत म्हणून घ्या. नेट नसल्यास नकाशा उघडेलच असं नाही. तेव्हा विजेच्या खांबावरचा नंबर, पुलाचं नाव, टोलनाक्यापासूनचं अंतर चालतं.

पोलिसांच्या चौकश्या मागे लागतील म्हणून कचरत असाल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती नाही.

त्या दोघांना घेऊन गाडी गेली. पुढे काय झालं ते कळलं नाही. वीस मिनिटं मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. हल्ली प्रवासात आई मध्येच विचारते, "आता कितवा दगड?" आणि मला सांगता यावं लागतं.